पासलीच्या ओसरीवरील तीन भाषा

गेल्या पावसाळ्यांत आमच्या पुतणीनें एक एकांकिका लिहिली. घरांत लेखक निघाला म्हणजे घरच्या मंडळींस श्रोते होण्यावांचून गत्यंतर नसतें. त्याप्रमाणें एका रविवारीं जेवणें आटोपल्यावर आम्ही सारे माजघरांत जमलों आणि वाचन सुरू झालें. एकांकिकेचें स्थळ पासली. वेल्ह्याहून केळदकडे व पुढें मढे घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें हें गांव. पाऊस धो धो, शेतें भाताचीं, आणि पावसाळ्यांत शनिवार-रविवारीं पुण्याकडून येणाऱ्या हौशी मंडळींच्या गाड्यांची वर्दळ. पुतणीच्या कथेंत अशीच एक गाडी ओढ्याला पूर आल्यामुळें अडकते, आणि गाडींतील माणसें एका शेतकऱ्याच्या ओसरीवर दुपार काढतात.

पात्रें पांच. घरधनी ज्ञानोबा हा साठी उलटलेला, उमेदीचीं तीस वर्षें मुंबईंत एका वखारींत हमाली करून गांवीं परतलेला. त्याची बायको सोनाबाई. ती भोरच्या बाजारापलीकडे फारशी गेलेली नाहीं. मुलगा प्रशांत पुण्यांत भाड्याची गाडी चालवतो व सुटीस घरीं आलेला आहे. पाहुण्यांपैकीं ऋचा ही पुण्याची, संगणकाच्या कचेरींत नोकरीस असलेली मुलगी. आणि तिचे वरिष्ठ मिश्रा, मूळचे प्रयागचे, पुण्यांत येऊन दोन वर्षें झालेले. म्हणजे एका ओसरीवर मराठी, हिंदी व इंग्रजी या तिन्ही भाषा एकत्र आल्या.

वाचन रंगलें. ज्ञानोबाच्या तोंडचें हिंदी आलें कीं मुलें खो खो हसत. त्यानें पाहुण्यास ‘तुम बैठो, साब’ म्हटलें तेव्हां तर मोठी माणसेंहि हसलीं. हसल्या नाहींत त्या एकट्या आमच्या आत्याबाई. त्यांचें सारें बालपण भोरास गेलेलें. त्या म्हणाल्या, “अगं, तो त्या साहेबाला मान देतो आहे, आणि तुम्ही हसतां कशाला?”

या एका प्रश्नावर पुढें दोन महिने आमच्या घरांत जो खल झाला, तो येथें मांडीत आहें. कारण एकांकिका ज्यांच्यावर बेतली होती त्या पासलीच्या कुटुंबास पुतणीनें प्रयोगाचें आमंत्रण देऊन ठेवलें होतें. ज्यांच्या घरचें आपण जेवलों तीं माणसें पहिल्या रांगेंत बसणार आणि त्यांच्या बोलण्यावर मागचें सभागृह हसणार, ही कल्पना तिला आत्याबाईंच्या प्रश्नानंतर असह्य झाली.

आत्याबाईंचें म्हणणें असें. मराठींत ‘तुम्ही’ हा आदराचा शब्द आहे. त्याच्यावर आणखी मानाची पायरी रोजच्या बोलण्यांत नाहीं. ‘आपण’ हा सभेंतला नाहींतर पत्रांतला. हिंदींत मात्र ‘तू’, ‘तुम’ व ‘आप’ अशा तीन पायऱ्या, आणि परक्या वडीलधाऱ्यास ‘तुम’ म्हणणें हा अपमान. ज्ञानोबा मराठींतील ‘तुम्ही’ उचलून हिंदींत ‘तुम’ म्हणून ठेवतो. त्याच्या मनांत तो नमस्कार करीत असतो, आणि मिश्रांच्या कानीं तो अरेरावी म्हणून पोंचतो. एवढ्या एका शब्दांत खरें नाट्य होतें, आणि पुतणीनें तें नकळत लिहूनहि ठेवलें होतें. पण तें विनोदाखालीं गाडलें गेलें होतें.

कां गाडलें गेलें, हें शोधण्यासाठीं आम्हीं एक साधी युक्ति केली. ज्ञानोबाचीं तेवढीं वाक्यें हस्तलिखितांतून काढून एका कागदावर सलग उतरलीं आणि मोठ्यानें वाचलीं. तेव्हां दिसलें तें असें: पहिल्या पानावर तो ‘आपका स्वागत है’ असें आकाशवाणीवरील निवेदकाप्रमाणें बोलतो, तिसऱ्या पानावर ‘तुम बैठो’ म्हणतो, पांचव्या पानावर ‘मेरेको क्या मालूम’, आणि सातव्यावर ‘यहां नेटवर्क नहीं है, यू नो’. हें ‘यू नो’ उघड उघड ऋचाच्या तोंडून गळून ज्ञानोबाच्या ताटांत पडलें होतें! ज्याला पहिल्या पानावर ‘आप’ येतो, त्यानें तिसऱ्या पानावर ‘तुम’ म्हटलें तर श्रोत्यानें त्यांतून काय समजावें? गंमत, एवढेंच. ज्ञानोबास ‘आप’ मुळींच येत नसता, प्रत्येक परक्या माणसास त्यानें ‘तुम’ म्हटलें असतें आणि आपल्या मुलाला मात्र ‘तू’, तर श्रोत्याच्या कानानें तो हिशेब आपोआप मांडला असता.

पात्राचें मिश्र बोलणें लिहितांना पहिला प्रश्न ‘हा किती हिंदी आणि किती इंग्रजी बोलेल’ असा नसतोच. तो असा: ही भाषा याला कोणीं शिकविली? शाळेंत शिकला कीं गोदींत? कोणाशीं बोलतांना लागली आणि कोणत्या कामापुरती? ज्ञानोबाचें हिंदी मुंबईच्या वखारींतील आहे. तें त्याला उत्तरेकडील सोबत्यांनीं, दुकानदारांनीं व मुकादमांनीं शिकविलें. व्याकरण मात्र त्यानें घरून आणलें, मराठीचें. म्हणून त्याच्या चुका कशाहि चालणार नाहींत. त्या मराठीच्या सांच्यांतूनच पडल्या पाहिजेत.

एक उदाहरण देतों, कारण तें मला स्वतःला या खलांतच उमगलें. हिंदींत भूतकाळीं ‘मैंने देखा’, ‘उसने देखा’ असा ‘ने’ सर्व पुरुषांस लागतो. मराठींत तसें नाहीं. आपण ‘त्यानं पाहिलं’ म्हणतों, पण ‘मी पाहिलं’ आणि ‘तू पाहिलंस’. तेथें ‘नं’ नाहीं. यामुळें मराठी माणूस ऐकून ऐकून हिंदी शिकला कीं ‘मैं देखा’, ‘तुम देखा’ असें म्हणून जातो. परंतु ‘उसने देखा’ हें त्याच्या तोंडून बहुधा बरोबर येतें, कारण घरच्या व्याकरणांत त्याला आधार असतो. पुतणीनें पहिल्या खर्ड्यांत ज्ञानोबाच्या तोंडीं ‘वो देखा’ घातलें होतें. हिंदी मोडकें वाटावें म्हणून तिनें तें मोडलें. पण मोडलें भलत्या जागीं. मोडकेपणालाहि नियम असतो. तो पाळला नाहीं कीं पात्र खोटें वाटूं लागतें, आणि ऐकणाऱ्यास कारण सांगतां आलें नाहीं तरी कान खटकतोच.

दुसरी खूण ‘च’ची. मराठी माणसाला जोर देण्यास ‘च’ लागतो, आणि तो हिंदींतहि बरोबर नेतो: ‘सुबेच बोला था’, ‘ऐसाच है’. मुंबईच्या हिंदींत आणि हैद्राबादेकडील दखनींत हा ‘च’ मुरलेला आहे. ज्ञानोबाच्या हिंदींत आम्हीं अशा तीनच खुणा ठेवल्या: सर्वांना ‘तुम’, ‘मैं’पुढील गळलेला ‘ने’, आणि हा ‘च’. त्यापलीकडे उच्चारांची चेष्टा करणारें लेखन सारें काढून टाकलें. ‘इस्टाप’, ‘फिलीम’, ‘सायेब’ अशी प्रत्येक शब्दाची मोडतोड कागदावर केली म्हणजे वाचणारा अडखळतो, आणि पात्र माणूस न राहतां नकलेचा विषय होतें. दोन-तीन खुणा निवडाव्या व त्या शेवटपर्यंत सोडूं नयेत. बाकीचें काम नट करतो, आणि छापील कथा असेल तर वाचकाचा कान करतो.

सोनाबाईच्या बाबतींत उलट चूक झाली होती. ती खेड्यांतली, शाळेंत न गेलेली. म्हणून पुतणीनें तिच्या तोंडीं एकहि इंग्रजी शब्द येऊं दिला नव्हता. ती ‘वीज गेली’ म्हणे, ‘भ्रमणध्वनि’ म्हणतां म्हणतां राहिली एवढेंच! परंतु वेल्हे-भोरकडची बाई म्हणते, “लाइट गेली. लाइटीचं बिल भरलं, तरी जाते. फोनला रेंज न्हाई. डाक्टर टायमावर भेटत न्हाई.” एवढ्या चार वाक्यांत इंग्रजींतून आलेले सहा शब्द झाले, आणि तरीहि सोनाबाई इंग्रजीचें एक अक्षर बोललेली नाहीं. हे शब्द तिच्या लेखीं मराठीच आहेत. लाइट तिच्याकडे स्त्रीलिंगी झाली आहे, आणि ‘लाइटीचं’, ‘टायमावर’ असें सामान्यरूपहि ती त्यांना देते. परका शब्द घरचा झाला आहे कीं नाहीं, हें ओळखण्याची याहून चांगली कसोटी मला माहीत नाहीं.

हीच कसोटी शहरी घरांतहि लावून पाहावी. आमच्या आत्याबाई ‘ऑफिसांत’, ‘टेबलावर’, ‘फायली’ म्हणतात. पुतणी ‘ऑफिसमध्ये’, ‘टेबलवर’, ‘फाइल्स’ म्हणते. शब्द तेच आहेत. एका पिढीनें त्यांना मराठी विभक्तींत घालून घरांत घेतलें, आणि दुसरीस मूळ इंग्रजी रूप ठाऊक असल्यामुळें ती त्यांना न मोडतां बाहेरच ‘मध्यें’ जोडते. वय व शिक्षण दाखविण्यास एवढा फरक पुरतो. त्यासाठीं तरुण पात्राच्या तोंडीं इंग्रजी शब्दांची खैरात करावी लागत नाहीं. पण एकाच पात्रानें पहिल्या प्रवेशांत ‘फायली’ आणि दुसऱ्यांत ‘फाइल्स’ म्हटलें, तर तें लेखकाचेंच दुर्लक्ष होय.

ऋचाचें पात्र सर्वांत अवघड ठरलें. कारण तिच्याजवळ तिन्ही भाषा आहेत, आणि ती केव्हां कोणती उचलील याला तिच्या शिक्षणाइतकेंच समोरचें माणूस कारण असतें. पहिल्या खर्ड्यांत ती सर्वांशीं एकसारखेंच बोले: “ॲक्च्युअली, मला वाटतं की वी शुड वेट.” सोनाबाईशींहि हेंच, मिश्रांशींहि हेंच. हें खरें नव्हे. अशी मुलगी मैत्रिणीशीं फोनवर असेंच बोलेल. वरिष्ठांशीं कामाचें इंग्रजींत व गप्पांचें हिंदींत बोलेल. आणि सोनाबाईसमोर बसली कीं तिच्या वाक्यांतून ‘ॲक्च्युअली’ निघून जाईल. ‘नेटवर्क’ जाऊन तेथें सोनाबाईचाच ‘रेंज’ येईल. असें ती ठरवून करीत नाहीं. सुसंस्कृत माणसाची जीभ हें स्वतःहून करते. पुतणीनें फक्त हा ‘नेटवर्क’ व ‘रेंज’ यांचा पालट पाळला. ऋचा मिश्रांस सांगते, “सर, नेटवर्क नहीं है”, आणि त्याच श्वासांत वळून, “आजी, वर टेकाडावर तरी रेंज येते का?” यांत ऋचाचा स्वभाव जितका दिसला, तितका पूर्वीच्या अर्ध्या पानाच्या भाषणांत दिसला नव्हता.

येथें आमच्या वडील बंधूंनीं संस्कृत नाटकांचा दाखला काढला. तेथें तर पात्रांच्या भाषा वांटूनच दिलेल्या: राजा व पंडित संस्कृत बोलणार, स्त्रिया शौरसेनी, आणि त्यांचीं गाणीं महाराष्ट्रींत. मग माणसामाणसाची भाषा एकदां ठरवून मोकळें कां होऊं नये? त्यावर आत्याबाईंनींच त्यांना मृच्छकटिकाच्या प्रारंभाची आठवण दिली. सूत्रधार संस्कृतांत बोलत येतो आणि नटीशीं बोलण्याची वेळ येतांच, कामानिमित्त मी आतां प्राकृत बोलणारा झालों आहें, असें सांगून भाषा बदलतो. म्हणजे ऐकणारें माणूस बदललें कीं भाषा बदलते, हें त्या कवीलाहि माहीत होतें. आणि बदलण्यास कारण लागतें, हेंहि.

कारणाशिवाय केलेला बदल हाच आमच्या मतें अशा लेखनाचा मुख्य दोष. पुतणीनें मग प्रत्येक अशा जागेसमोर समासांत एक शब्द लिहिला. श्रोता बदलला काय? विषय बदलला काय? दुसऱ्याचें बोलणें जसेंच्या तसें सांगावयाचें आहे काय? कोणा एकास कळूं नये अशी इच्छा आहे काय? कीं नातें जवळ-दूर करावयाचें आहे? ज्या जागेसमोर यांपैकीं कांहींच लिहितां येईना, तेथील वाक्य तिनें पात्राच्या मूळ भाषेंत परत नेलें. जवळ जवळ तिसरा हिस्सा वाक्यें अशीं परत गेलीं, आणि एकांकिका सोपी झाली.

भाषेचा हा पालट कारणासह पाहावयाचा असेल तर चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ सालचा ‘कोर्ट’ हा चित्रपट अवश्य पाहावा. त्यांत मराठी, हिंदी, गुजराती व इंग्रजी अशा चार भाषा आहेत. सरकारी वकीलबाई (ही भूमिका गीतांजली कुलकर्णी यांची) घरीं साधें मराठी बोलतात, आणि न्यायालयांत कायद्याचा इंग्रजी मजकूर एका सुरांत भराभरा वाचून दाखवितात. आरोपीचे वकील घरीं आईबापांशीं गुजराती बोलतात. आणि साक्षीदार आपल्या भाषेंत जें सांगतो तें न्यायाधीश टंकलेखकास इंग्रजींत सांगून नोंदवून घेतात. ज्याच्यावर खटला आहे तो मराठी शाहीर. त्याच्याविषयीं जें लिहून ठेवलें जातें तें त्याच्या भाषेंत नसतें, ही गोष्ट कोणी बोलून दाखवीत नाहीं. नुसत्या भाषांच्या वांटणींतून ती कळते. अर्थात् चित्रपटाला नटांचे आवाज असतात. कागदावर तें बळ नसल्यामुळें लेखकास वांटणी अधिकच कडक ठेवावी लागते.

मिश्रांचें हिंदीहि आम्हीं तपासलें, कारण ‘शुद्ध’ हिंदी म्हणून पुतणीनें त्यांना पाठ्यपुस्तकच तोंडीं दिलें होतें. प्रयागकडील माणूस पुष्कळदां स्वतःस ‘मैं’ न म्हणतां ‘हम’ म्हणतो. मराठी कानास हा अहंकार वाटतो. वस्तुतः ती तिकडची साधी रीत आहे. म्हणजे ज्ञानोबाच्या ‘तुम’नें मिश्रा दुखावतात, तशी मिश्रांच्या ‘हम’नें ज्ञानोबाच्या घरीं कपाळाला आठी पडण्यास जागा आहे. दोघेहि आपापल्या घरचा शिष्टाचार पाळीत आहेत, आणि दोघेहि एकमेकांस उद्धट वाटतात. हें सांपडलें त्या रात्रीं पुतणीला झोंप आली नाहीं, असें तिची आई सांगते.

दुसऱ्या खर्ड्यांतील त्या प्रवेशाचा भाग आतां येथें देतों.

ज्ञानोबा : तुम बैठो, साब. मैं देखा सुबेच, पूल पे पानी है. गाडी नहीं जायेंगी.

मिश्रा : (ऋचाला, हळू) हमसे तुम-तुम करके बात कर रहे हैं.

ऋचा : सर, ही डझन्ट मीन इट. (ज्ञानोबाला) काका, पाणी कधी उतरंल?

ज्ञानोबा : पाऊस थांबला की दोन तासांत. (मुलाला) परश्या, तू तिकडं सरक. साहेबांना टेकायला जागा दे. (मिश्रांना) तुम इधर आओ, साब. उधर गलता है.

सोनाबाई : आधी साहेबांना वाढू का? दमले असतील.

या एवढ्या संवादांत पुतणीनें कोठेंहि समजावून सांगितलेलें नाहीं. मुलाला ‘तू’, पाहुण्याला ‘तुम’. आपसांत बोलतांना पाहुण्यासाठीं ‘साहेबांना’ आणि ‘दमले असतील’ हें आदराचें बहुवचन. मिश्रा पुण्यांत दोन वर्षें राहिलेले. मराठी त्यांना बोलतां येत नसलें तरी एवढें समजतें. ते वर पाहतात आणि कोरड्या जागेवर जाऊन बसतात. ऋचाचें ‘ही डझन्ट मीन इट’ हें इंग्रजींत असण्याचें कारणहि समासांत लिहिलेलें होतें: ज्ञानोबास कळूं नये. ऋचाचें ‘उतरंल’ मात्र वादग्रस्त राहिलें. ती ‘उतरेल’ म्हणेल असा माझा आग्रह होता; समोरच्याची ढब तेवढ्या लवकर जिभेवर येत नाहीं, आणि उसनी ढब ही कित्येकदां चेष्टाच वाटते. शेवटीं प्रयोगांत ‘उतरेल’च राहिलें.

आणखी एक नियम पुतणीनें ज्ञानोबासाठीं घातला, आणि तो मला सर्वांत आवडला. ज्ञानोबा मिश्रांशीं नेहमीं हिंदींतच बोलतो; मराठींत एकदांहि नाहीं. मुंबईच्या तीस वर्षांची ती संवय आहे: परक्या माणसाशीं परकी भाषा. हा नियम संबंध एकांकिकाभर पाळल्यामुळें शेवटीं तो मोडण्याचा अधिकार तिला मिळाला. पाणी उतरतें, गाडी निघते. दिवसभर सोनाबाईच्या घरीं आलेगेले लोक उठतांना काय म्हणतात तें मिश्रांनीं ऐकलेलें असतें. ते ओसरीवरून खालीं उतरतात आणि वळून म्हणतात, “येतो, आजी.” ‘जातो’ नव्हे, ‘येतो’. सोनाबाई नुसती मान हलविते. आणि ज्ञानोबा, दिवसभरांत प्रथमच त्यांच्याशीं मराठींत बोलतो: “या पुन्हा.”

प्रयोगाच्या दिवशीं पासलीचीं माणसें आलीं होतीं. ‘तुम बैठो, साब’ला मागच्या रांगांतून थोडें हसूं आलें, तें ‘परश्या, तू तिकडं सरक’पाशीं थांबलें. ज्यांच्यावरून ज्ञानोबा घेतला ते गृहस्थ प्रयोगानंतर पुतणीस एवढेंच म्हणाले कीं, वखारींत आम्ही गोणी मोजतांना मात्र हिंदींत कधीं मोजलें नाहीं, आंकडा मराठींतच यायचा. तिनें गोणींच्या आठवणीचें तें वाक्य त्याच रात्रीं दुरुस्त केलें. हस्तलिखितांत ‘या पुन्हा’च्या पुढें ऋचाच्या तोंडीं तीन ओळी होत्या, त्यांत ती ‘तुम्ही’ आणि ‘तुम’ यांचा फरक मिश्रांस समजावून सांगत असे. त्या तालमीच्या पहिल्याच दिवशीं काटल्या होत्या.